कुत्र्याच्या उरलेल्या चार चौकटी

आग लागलेल्या खोलीत टेबलाशी बसलेला, डोक्यावर छोटी हॅट घातलेला कुत्रा तुम्ही नक्की पाहिला असेल. समोर कॉफीचा मग, आजूबाजूला ज्वाळा, आणि तो शांतपणे म्हणतो की सगळं ठीक आहे. बाजार पडला की आपल्याकडे पहिल्या तासाभरात हा कुत्रा फोनवर येतो. ज्वाळांच्या जागी निफ्टीचा लाल आलेख चिकटवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मी, पोर्टफोलिओ बघताना’.

हे चित्र अमेरिकन चित्रकार के. सी. ग्रीन याने जानेवारी २०१३मध्ये आपल्या ‘गनशो’ या वेबकॉमिकसाठी काढलं. मूळ पट्टी सहा चौकटींची आहे. मीममध्ये फिरतात त्या पहिल्या दोनच. पुढच्या चौकटींत कुत्रा कॉफी पितो, त्याचा हात पेटतो आणि शेवटी त्याचा चेहरा वितळून जातो. म्हणजे ग्रीनने काढलेला विनोद खोट्या शांततेच्या परिणामाचा होता. इंटरनेटने परिणाम कापला आणि शांतता ठेवली.

बाजार पडण्यावरच्या मीम्सबद्दल माझी तक्रार नेमकी या कात्रीपाशी सुरू होते. घबराट असो, नकार असो की उसनी शांतता, यातलं जवळजवळ प्रत्येक मीम लाल स्क्रीनपाशी थांबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ही चौकट त्यात नसते. आणि बाजारात कोण हरलं हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

मी घोडबंदरला राहतो, त्यामुळे लाल रंग वाचायची सवय आहे. गायमुखच्या चढावर मॅपमधली रेषा रोजच लाल असते. त्या एकाच लाल पट्ट्यात घरी जेवायला उशिरा पोचणारा असतो, विमान चुकणारा असतो आणि ॲम्ब्युलन्सही असते. रंग रस्त्याची स्थिती सांगतो, आत बसलेल्याचं काय जाणार आहे ते सांगत नाही. बाजाराच्या लाल रंगाचंही तसंच आहे. फरक एवढाच की रस्त्यावर ॲम्ब्युलन्स ओळखू येते. मीममध्ये सगळ्यांच्या गाड्या सारख्याच दिसतात.

एक खरा दिवस घेऊ. १ जून २०२४च्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून २३,२६३.९०वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी झाली, अंदाज चुकले आणि निफ्टी १,३७९.४० अंकांनी, म्हणजे जवळपास सहा टक्के पडून २१,८८४.५०वर आला. त्या दिवशी फोन कुत्र्यांनी भरून गेले होते. आता सोमवारी संध्याकाळी बाजारात असलेली तीन माणसं कल्पनेत धरा.

पहिल्याचे निफ्टी इंडेक्स फंडात एक लाख रुपये आहेत. मंगळवारी ते साधारण ९४,०७० झाले. त्याने काहीच केलं नाही. शुक्रवारी, ७ जूनला निफ्टी २३,२९०.१५वर बंद झाला आणि त्याचे एक लाख एकशे तेरा रुपये झाले. तीन दिवसांत हिशोब जिथल्या तिथे. या माणसाने कुत्र्याचं मीम टाकलं असेल तर त्याची शांतता उसनी नव्हतीच. आग त्याच्या खोलीत नव्हती, टीव्हीवर होती.

दुसऱ्याकडे निफ्टी फ्युचरचा एक लॉट आहे. तेव्हा लॉट २५चा होता. फ्युचरचा भाव निर्देशांकापेक्षा थोडा वेगळा असतो, पण सोयीसाठी निर्देशांकाचेच आकडे धरू. करार होतो जवळपास पाच लाख ऐंशी हजारांचा, आणि खात्यात ठेवलेलं मार्जिन असतं त्याच्या एका लहानशा भागाइतकं. मंगळवारचा तोटा १,३७९.४० गुणिले २५, म्हणजे ३४,४८५ रुपये. हा तोटा कागदावर राहत नाही. रोज बाजार बंद झाल्यावर फ्युचरचा हिशोब रोखीने चुकता होतो, त्यामुळे ती रक्कम खात्यातून गेलीच. मार्जिन अपुरं पडलं आणि त्याने पैसे भरले नाहीत, तर ब्रोकर त्याचा सौदा कापतो. बुधवारी निफ्टी ७३५ अंकांनी वर गेला, पण सौदा कापला गेलेल्या माणसासाठी ती उसळी फक्त बातमी होती.

तिसऱ्याने २३,०००चा कॉल ऑप्शन घेतलाय, गुरुवारी, ६ जूनला संपणारा. प्रीमियम पाचशे रुपये होता असं समजू, म्हणजे एका लॉटचे साडेबारा हजार. गुरुवारी निफ्टी २२,८२१.४०वर बंद झाला. २३,०००च्या खाली बंद झाल्याने कॉलची किंमत शून्य. शुक्रवारी निफ्टी २३,०००च्या पार गेला. त्याचा अंदाज बरोबर होता, फक्त एक दिवस उशिरा बरोबर ठरला, आणि ऑप्शनमध्ये एक दिवस उशिरा बरोबर असणं आणि चुकीचं असणं यांची किंमत सारखीच असते.

तिघांच्या फोनवर मंगळवारी तीच लाल स्क्रीन होती आणि तिघांनी तोच कुत्रा पाठवला असता. विनोद म्हणून तो तिन्हीकडे चालतो. हीच त्याची ताकद आहे आणि माझ्या मते हाच त्याचा दोष आहे.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या दुपारी एकाने हा कुत्रा टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जूनच्या शेवटी त्याने मला वेगळा मेसेज करून दोन महिन्यांच्या ईएमआयइतके पैसे मागितले, तेव्हा कळलं की त्याच्याकडे फ्युचर होते. पैसे मागणं त्याला जड गेलं, कारण मंगळवारीच त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की तो मजेत आहे. बरं, कुत्र्याच्या चित्राला उत्तर काय देणार? ‘तुझ्याकडे किती लॉट आहेत?’ असं कुणी विचारत नाही. त्या चित्राखाली हसणं हेच शिष्टाचाराचं उत्तर आहे. ओरडणाऱ्या, केस उपटणाऱ्या घबराटीच्या मीमनंतर निदान कुणीतरी फोन करतं.

नकाराची मीम्स मात्र मला जास्त हुशार वाटतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं असं: सकाळी सव्वानऊला ‘मी ट्रेडर आहे’, दुपारी तीन वीसला ‘मी लाँग टर्म इन्व्हेस्टर आहे’. हे लिहिणाऱ्याला ब्रोकरचं ॲप पाठ आहे. इंट्राडेसाठी शेअर घेताना तुम्ही `MIS` निवडता. तेव्हा भावाच्या किमान वीस टक्के रक्कम लागते, म्हणजे वीस हजारांत एक लाखाचे शेअर घेता येतात. शेअर सहा टक्के पडला तर सहा हजार गेले, म्हणजे तुमच्या वीस हजारांतले तीस टक्के. तीन वीसच्या सुमारास ब्रोकर हे सौदे आपोआप कापायला लागतो. तोटा मान्य करायचा नसेल तर एकच वाट उरते: ॲपमध्ये `MIS`चं `CNC` करायचं, म्हणजे शेअर डिलिव्हरीत घ्यायचे. नकार इथे मनाची अवस्था नाही, ते खरोखरचं बटण आहे. मीमने ते बटण बरोबर पकडलंय.

पण त्या बटणाची अट मीममध्ये येत नाही. डिलिव्हरी घ्यायला उरलेले ऐंशी हजार खात्यात लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला नकार परवडत नाही, त्याचा तोटा तीन वीसला पक्का होतो. आणि ज्याच्याकडे आहेत त्याने एका दिवसाच्या अंदाजावर घेतलेला शेअर वर्षानुवर्षं सांभाळायचं ठरवलेलं असतं. निर्देशांक सावरतो तसा प्रत्येक शेअर सावरत नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८मध्ये चारशेच्या आसपास होता. तिथे ‘लाँग टर्म’ झालेले आजही त्या भावापासून फार लांब आहेत.

मग लाल दिवसाचं चांगलं मीम कुठलं? माझ्या मते ते आपल्याकडेच आहे आणि १९८८चं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’तले घरमालक सरपोतदार आठवा. मधुमेहाच्या औषधासाठी त्यांनी धनंजय मानेला सत्तर रुपये दिलेले असतात. औषध आणणारा मित्र गेला असं माने सांगतो, आणि त्याच्यासोबत ते सत्तर रुपयेही ‘वारले’. तोटा झाला की मराठी ग्रुपवर सुधीर जोशींचा तो हतबुद्ध चेहरा येतो. वरवर पाहिलं तर हेही घबराटीचंच मीम आहे. पण प्रसंग नीट आठवा. सत्तर रुपये वारलेले नव्हते. ते मानेच्या खिशात गेले होते.

फ्युचर आणि ऑप्शनच्या बाजारात हेच घडतं. तिथे एकाचा तोटा हा समोरच्याचा नफा असतो, आणि दोघांकडून ब्रोकरेज आणि कर कापले जातात ते वेगळेच. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तिथे उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. आर्थिक वर्ष २०२४मध्ये, खर्च धरायच्या आधी, वैयक्तिक आणि इतर छोट्या गटांनी ६१,००० कोटींहून जास्त गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले. बेरीज करून बघा. पैसे वारलेले नाहीत.

कुत्र्याच्या मीममध्ये आग आपोआप लागलेली असते. ती कुणी लावली, तिच्यावर कोण शेकतंय, हा प्रश्न त्या खोलीत उद्भवतच नाही. बाजार म्हणजे हवामान, आज लाल, उद्या हिरवा, आपण फक्त कॉफी प्यायची. इंडेक्स फंडवाल्यासाठी हे बऱ्यापैकी खरं आहे, आणि घाबरून विकायला निघालेल्या नवख्याचा हात या विनोदाने धरला तर त्याचं भलंच होईल. पण लॉट घेऊन बसलेल्यासाठी ते खोटं आहे. सरपोतदारांच्या चेहऱ्यात मात्र माणसं दोन आहेत, एक ज्याचे गेले तो आणि एक ज्याच्याकडे गेले तो. दुसरा फ्रेमबाहेर उभा आहे, एवढंच.

पुढच्या लाल दिवशी कुत्रा येईलच. तो पाठवणाऱ्याकडे फंड आहे, फ्युचर आहे की गुरुवारचा कॉल होता तसा काही आहे, हे विचारलं की उरलेल्या चौकटी दिसायला लागतात. सरपोतदार बिचारे मित्राच्या निधनाची बातमी ऐकून गप्प बसले. त्यांनी विचारायला हवं होतं की माझे सत्तर रुपये नेमके कुणाकडे आहेत.