प्रसामान्य समीकरणांचा दोष : शिरूर व दौंड यांच्या पर्जन्यमालेवरून एक परीक्षण

न्यूनतम वर्गांच्या रीतीने सरळ रेषा बसविण्याचा विषय पाठ्यग्रंथांतून बहुधा एकाच वाटेने जातो. अवशेषांच्या वर्गांची बेरीज घ्यावी, दोन अज्ञातांच्या संबंधात तिचे विकलन करावे, त्यातून दोन प्रसामान्य समीकरणे मिळवावीत, आणि ती सोडवून चढ व छेद काढावेत. या वाटेतील सिद्धान्ताचा भाग निर्दोष आहे. लझांद्र याने १८०५ मध्ये व गाउस याने १८०९ मध्ये ही रीत प्रसिद्ध केल्यापासून त्यावर आक्षेप घेण्यासारखे काही आढळलेले नाही. आक्षेप आहे तो एवढाच की, उत्तर कोणते हे सिद्ध करणारी समीकरणे आणि उत्तर काढण्याची रीत ही ग्रंथांतून एकच मानली जातात. वास्तविक या दोन भिन्न गोष्टी होत, आणि त्यांतील भेद आकडेमोडीच्या वेळी उघडा पडतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील दोन शेजारी तालुके घेऊ : घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड. अशा प्रदेशात पाऊस वाढतो आहे की घटतो आहे हा प्रश्न स्वाभाविक होय. उदाहरणापुरते असे समजू की, २००१ ते २००५ या पाच वर्षांत शिरूरचा वार्षिक पाऊस अनुक्रमे ४५२, ४४८, ४६१, ४५५ व ४६४ मिलिमीटर होता. हे आकडे केवळ गणितासाठी कल्पिलेले आहेत; वर्षांचे आकडे मात्र खरे आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्व अडचण त्या वर्षांतच आहे.

वर्षाला x व पावसाला y म्हटल्यास, प्रसामान्य समीकरणांवरून चढ पुढीलप्रमाणे मिळतो :

b = (nΣxy − ΣxΣy) / (nΣx² − (Σx)²)

येथे Σx = १०,०१५, Σx² = २,००,६०,०५५, Σy = २,२८० व Σxy = ४५,६६,८७१. म्हणून अंश २,२८,३४,३५५ − २,२८,३४,२०० = १५५, आणि छेदस्थान १०,०३,००,२७५ − १०,०३,००,२२५ = ५०. चढ ३.१ मिलिमीटर प्रतिवर्ष. येथपर्यंत सर्व ठीक आहे, कारण सर्व अंक राखले आहेत.

आता हीच आकडेमोड सात सार्थ अंक राखणाऱ्या यंत्रावर झाली असे मानू. Σx² ची नोंद २,००,६०,०६० अशी होईल. तिची पाचपट १०,०३,००,३००. (Σx)² ची नोंद १०,०३,००,२०० अशी होईल. वजाबाकी ५० ऐवजी १०० येते. अंशातील पहिले पद २,२८,३४,३६० होते, दुसरे तसेच राहते, अंश १६०. चढ १.६, म्हणजे खऱ्या उत्तराच्या सुमारे निम्मा. प्रत्येक पायरीवर झालेली चूक एक कोटीत पाचांहून अधिक नव्हती. तरीही उत्तराचा पहिलाच अंक खोटा ठरला. वजाबाकीने नवी चूक केली नाही. तिने समान असलेले अग्रभागाचे अंक काढून टाकले आणि पूर्णनात बिघडलेले शेवटचे अंक तेवढे मागे ठेवले.

हा दोष यंत्राचा की प्रश्नाचा, असे येथे कोणी विचारील. उत्तर भूमितीवरून मिळते. रेषा बसविणे म्हणजे y या सदिशाचा दोन सदिशांच्या प्रतलावर लंबप्रक्षेप घेणे : एक सर्व घटक १ असलेला, दुसरा वर्षांचा. २००१ ते २००५ हे आकडे परस्परांच्या इतके जवळ आहेत की, या दोन सदिशांमधील कोनाची ज्या केवळ सुमारे ०.०००७ भरते. प्रश्नात असलेली नाजूकता एवढीच. परंतु प्रसामान्य समीकरणे मांडताच कोनाऐवजी त्याच्या ज्येचा वर्ग पुढे येतो. ५० भागिले १०,०३,००,२७५ म्हणजे तोच वर्ग, सुमारे ०.०००००५ चा दहावा भाग. प्रश्न तीन अंकांची किंमत मागतो. समीकरणे सहांहून अधिक अंकांची घेतात. हे वर्गीकरण प्रश्नाने लादलेले नाही. ते रीतीने ओढवून घेतलेले आहे.

उपाय जुनाच आहे. वर्षांतून त्यांची सरासरी २००३ वजा केली की −२, −१, ०, १, २ उरतात. पावसाशी त्यांच्या गुणाकारांची बेरीज ३१, त्यांच्या वर्गांची बेरीज १०, आणि चढ ३.१, तोही तोंडी. आरंभबिंदू बदलण्याची ही युक्ती विद्यार्थ्याला श्रम वाचविण्यासाठी म्हणून शिकविली जाते, आणि यंत्र आल्यावर ती अनावश्यक समजून सोडली जाते. येथेच अध्यापनाची खरी चूक आहे. सरासरी वजा करणे म्हणजे दुसरा सदिश पहिल्याला लंब करणे होय. हाउसहोल्डर याने १९५८ मध्ये दिलेली परावर्तनाची रीत गोलब याने १९६५ मध्ये न्यूनतम वर्गांच्या प्रश्नाला लावली, ती हेच कार्य कितीही सदिशांसाठी, वर्गसारणी न मांडता करते. १९६७ मध्ये लाँगली याने तत्कालीन संगणक-कार्यक्रम हातच्या हिशेबाशी ताडून पाहिले, तेव्हा काहींच्या उत्तरांत भरवशाचे अंक जवळजवळ उरले नव्हते.

दोष ओळखावा कसा? खोटी रेषाही सरासरीच्या बिंदूतून जाते, म्हणून आलेखावर ती विसंगत दिसत नाही. २००५ साठी ती ४५९.२ देते, खरी ४६२.२. अवशेषांची बेरीज दोहोंतही शून्य येते. मात्र अवशेषांना −२ ते २ यांनी गुणून बेरीज केल्यास खऱ्या रेषेस शून्य व खोटीस १५ येतात. ही दुसरी कसोटीच निर्णायक होय. शेजारच्या स्थानाशी तुलना मात्र फसवी ठरते. दौंडचे आकडे ४२५, ४२६, ४३०, ४३३ व ४३६ मानले तर खरा चढ २.९, पण त्याच यंत्रावर १.५ येतो. छेदस्थान केवळ वर्षांवर अवलंबून असल्याने दोन्ही चढ एकत्रच निम्मे होतात, आणि त्यांचे साम्य पाहून परीक्षक निर्धास्त होतो.

या टीकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. आजची यंत्रे सामान्यतः सोळा अंक राखतात. साध्या रेषेत त्यांतील सुमारे सात गेले तरी नऊ उरतात. परंतु वर्षांचा वर्ग घेऊन वक्र बसविला तर हानी ज्येच्या चौथ्या घातानुसार वाढते आणि सोळांपैकी दोन-तीनच अंक हाती राहतात. शिवाय लंब रीतही पर्जन्यमापकाची चूक दुरुस्त करीत नाही, आणि पाच वर्षांच्या चढास अर्थ आहे की नाही हेही ती सांगत नाही. जी अचूकता आकड्यांत होती ती हिशेबात गमावू नये, एवढेच ती साधते. प्रसामान्य समीकरणे सिद्धतेच्या पानावर राहावीत; हिशेबाच्या पानावर प्रथम सरासरी वजा केलेली असावी.