पारवा कोठे बसला?

इंद्रधनुष्याचे सात रंग मुलांच्या तोंडी बसावेत म्हणून आम्हां शिक्षकांजवळ एक हुकमी मंत्र असतो : ता-ना-पि-हि-नि-पा-जा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इतकी वर्षे हा मंत्र मी वर्गात घोकून घेत आलो; पण त्यातला पारवा निळ्याच्या पलीकडे, जांभळ्याच्या शेजारी का बसला आहे, हा प्रश्न ना कोणा मुलाने मला विचारला, ना मी स्वतःला. तो पडला चाळिशीत, हौसेने रशियन शिकू लागलो तेव्हा. रशियन मुलांचाही असाच एक मंत्र आहे. त्यात एक पक्षी कोठे बसला आहे हे शिकाऱ्याला हवे असते, आणि त्या वाक्यातील शब्दांची आद्याक्षरे म्हणजे सात रंग. पहिले चार आपल्यासारखेच. हिरव्यानंतर मात्र येतो 'गलुबोय', मग 'सीनिय', आणि शेवटी जांभळा.

मौज अशी की, 'गलुबोय' हा शब्द 'गोलुब' म्हणजे कबूतर या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे दोन्ही भाषांनी इंद्रधनुष्यावर कबूतर बसवले. पण आपले बसले निळा आणि जांभळा यांच्यामध्ये, त्यांचे बसले हिरवा आणि निळा यांच्यामध्ये. आपल्याकडच्या कोणी पारव्याची करडी पाठ पाहिली असावी, तिकडच्याने त्याच्या मानेवरची चकाकी. कारण काहीही असो, व्युत्पत्तीच्या भरवशावर गलुबोयचे भाषांतर 'पारवा' असे करणारा इंद्रधनुष्यातच एक घर चुकतो.

गलुबोय म्हणजे दुपारच्या निरभ्र आकाशाचा, उजळ निळा. सीनिय म्हणजे शाईचा, खोल समुद्राचा गडद निळा. येथवर वाचकांना नवल वाटणार नाही. "आमच्याकडे आकाशी नाही का?" असे ते म्हणतील. आहे, पण आकाशी हा आपल्या लेखी निळ्याचाच एक प्रकार. आकाशी शर्टाला कोणी निळा म्हटले तर आपण भांडायला उठत नाही. रशियन माणसाच्या लेखी गलुबोय हा सीनियचा प्रकार नव्हे, तो वेगळा रंगच आहे. याची कल्पना यावयाची तर गुलाबी घ्या. घरच्या मंडळींनी गुलाबी साडी आणावयास सांगितली आणि यजमान लाल घेऊन आले, वर "अगं, लालच, जरा फिका समज," असे म्हणू लागले, तर त्या घरात दिवाळी कशी साजरी होईल? 'फिका लाल' आणि 'गुलाबी' यांत आपल्याला जे अंतर वाटते, तेच 'फिका सीनिय' आणि 'गलुबोय' यांत रशियन माणसाला वाटते.

तेव्हा इंग्रजी 'ब्ल्यू' रशियनमध्ये नेताना भाषांतरकाराला एक निर्णय करावा लागतो, आणि तो मूळ संहितेत कोठेच दिलेला नसतो. साहित्यात हे पुष्कळदा घडले आहे. मॅटरलिंकचे 'नीलपक्षी' हे नाटक १९०८ साली मॉस्को आर्ट थिएटरने प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा तो पक्षी 'सीनिय' झाला, आणि तो तसाच राहिला. शेरलॉक होम्सच्या कथेतले निळे रत्न मात्र 'गलुबोय' झाले. खानदानी रक्त गलुबोय, पण कारखान्यातील कामगाराची निळी कॉलर सीनिय. दूरदर्शन संचाला रशियन लोक लाडाने 'गलुबोय पडदा' म्हणत. आणि संगणक कोलमडताना जो निळा पडदा दाखवतो तो 'सीनिय'. एक घरात करमणूक आणतो, दुसरा दिवसभराचे काम गिळतो. इंग्रजीत दोन्ही पडदे निळेच.

नाटकातला पक्षी कोणत्या निळ्याचा, यावर रसिकांनी वाद घालावा. पण माल विकणाऱ्याच्या यादीत हा वाद नसतो. तेथे गिऱ्हाईक पैसे मोजून बसलेले असते. माझा एक जुना विद्यार्थी अशाच याद्यांच्या भाषांतराचे काम करतो. गेल्या वर्षी सुटीत आला तेव्हा त्याने एका पुरुषी शर्टाचे पान माझ्यापुढे ठेवले. शर्ट एकच, रंग तीन : नेव्ही, ब्ल्यू आणि लाइट ब्ल्यू. आधीच्या भाषांतरकाराने लिहिले होते : गडद सीनिय, सीनिय, फिका सीनिय.

"गुरुजी, यात चूक दाखवा," तो म्हणाला.

मी रुबाबात तिसऱ्यावर बोट ठेवले. फिका सीनिय कशाला, गलुबोय हा शब्द असताना? रशियन गिऱ्हाइकाला त्या शब्दाने धुऊन विटलेला गडद निळा दिसेल.

"ती अर्धीच," असे म्हणून त्याने छायाचित्र काढले. त्यात ज्याला 'ब्ल्यू' म्हटले होते, तो शर्टच मुळी उजळ होता; कचेरीत घालतात तसा, आकाशी. गलुबोय तो होता. तिसरा त्याहूनही फिका. त्याला 'फिका गलुबोय' म्हणणे प्राप्त होते. आणि पहिला तेवढा सीनिय, हवे तर गडद सीनिय. म्हणजे खालची दोन्ही नावे एकेक पायरी सरकली होती. आधीच्या भाषांतरकाराने शब्द पाहिले, शर्ट पाहिले नाहीत.

या ठिकाणी मला त्या बिचाऱ्यापेक्षा त्याच्या नियमावलीविषयी बोलावयाचे आहे. या धंद्यात शब्दांची एक ठरावीक यादी असते, आणि एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच शब्द वापरावा असा दंडक असतो. यंत्राच्या भागांना तो उत्तम. 'स्क्रू'ला एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरे नाव दिले तर कारागिराने काय करावे? पण त्याच यादीत 'ब्ल्यू म्हणजे सीनिय' अशी ओळ घातली, की नियम पाळणारा माणूस हटकून चुकतो आणि मोडणारा बरोबर ठरतो. त्याहून वाईट म्हणजे ही चूक तपासणीत सापडत नाही. तपासनीस रशियन मजकूर उलट इंग्रजीत करून पाहतो. 'फिका सीनिय' उलटवला की 'लाइट ब्ल्यू' मिळते, 'सीनिय' उलटवला की 'ब्ल्यू' मिळते, आणि सारे कसे बिनचूक दिसते! माझ्या विद्यार्थ्याची तपासणी साधी आहे. नावे झाकून छायाचित्रे एखाद्या रशियन माणसापुढे ठेवायची, तो काय म्हणतो ते लिहून घ्यायचे, आणि मग यादी उघडायची.

कधी कधी गलुबोय मुद्दाम टाळलेलाही आढळतो. बोलभाषेत तो शब्द समलिंगी पुरुषालाही लावतात, म्हणून भिडस्त भाषांतरकार पुरुषांच्या कपड्यांवर तो लिहावयास कचरतो. ही भीती अस्थानी आहे. गलुबोय शर्ट हा रशियात अगदी साधा, रोजचा शर्ट आहे. तो दुसरा अर्थ शब्द माणसाला लावला की येतो, कापडाला लावला की नाही. जाहिरातीत 'गलुबोय मुलगा' असे लिहू नये, एवढे भान पुरे.

दुकानाची मांडणीही यात सापडते. इंग्रजी संकेतस्थळावर रंग निवडण्याच्या चौकटींत निळ्याची एकच चौकट असते. तीच मांडणी रशियनमध्ये नेली आणि चौकटीवर 'सीनिय' लिहिले, तर आकाशी शर्ट हवा असलेला माणूस तेथे शोधणारच नाही. दुकानात शर्ट असून त्याला नाही असे वाटेल. दोन चौकटी कराव्या लागतात, आणि कोणता माल कोणत्या चौकटीत हे प्रत्येक वस्तू पाहून ठरवावे लागते. शिवाय विशेषणाला लिंग आहे : शर्ट स्त्रीलिंगी म्हणून 'सीन्याया', ओव्हरकोट नपुंसकलिंगी म्हणून 'सीन्येये'. इंग्रजाला याचा त्रास समजावून सांगावा लागतो. निळा, निळी, निळे म्हणणाऱ्या आपल्याला नाही. यावर उपाय म्हणून रशियन दुकाने 'रंग : सीनिय' असे लिहितात. रंग हा शब्द पुल्लिंगी, त्यामुळे वस्तू कोणतीही असली तरी एकच रूप चालते.

छपाईच्या दुनियेत मात्र गलुबोय आधीच कामाला लागलेला आहे. पडद्यावरचे चित्र तांबडा, हिरवा, निळा अशा तीन प्रकाशांचे असते. त्यातला निळा सीनिय. कागदावरची छपाई चार शायांची असते, आणि त्यातल्या 'सायन' नावाच्या निळसर शाईला रशियन छापखान्यात गलुबोय म्हणतात. चित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरच्या रशियन यादीत म्हणूनच गलुबोय आणि सीनिय शेजारी शेजारी उभे असतात : पहिला सायन, दुसरा ब्ल्यू. अशा सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरकाराने 'लाइट ब्ल्यू'लाही गलुबोय लिहिले, तर एका नावाची दोन बटणे होतात. येथे 'फिका सीनिय' हेच बरोबर, जे शर्टावर चूक होते. शर्टाच्या यादीवरून छापखान्याची यादी तपासणाऱ्याला हे पटवणे सोपे नसते.

या सगळ्यावरून "रशियन लोकांना जास्त रंग दिसतात" असे एक रंजक विधान फिरते. ते तसे खरे नाही. २००७ साली विनावर, बोरोडित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निळ्याच्या वीस छटा घेतल्या; पडद्यावर वर एक चौकोन, खाली दोन, आणि खालच्यांपैकी कोणता वरच्यासारखा, ते सांगावयाचे. खालचे दोन एक सीनियमध्ये आणि दुसरा गलुबोयमध्ये पडत असतील, तर रशियन माणसे अधिक चटकन उत्तर देत. दोन्ही एकाच नावाखाली असतील तर हा वेग मिळत नसे. इंग्रजी बोलणाऱ्यांत असा फरक आढळला नाही. पण मनातल्या मनात आठ आकड्यांची संख्या घोकत उत्तर द्यावयास सांगितले, की रशियनांचा तो फायदाही नाहीसा झाला. डोळे तेच, मदत करत होता तो शब्द, आणि शब्दाला दुसऱ्या कामाला जुंपले की मदत थांबे.

भाषांतरकाराच्या कामाची गोष्ट त्या प्रयोगाच्या तयारीत आहे. दोन निळ्यांमधली सीमा प्रत्येक माणसाकडून वेगळी विचारून घ्यावी लागली, कारण ती सर्वांची एका जागी नव्हती. सीमेवरच्या छटेला एक जण सीनिय म्हणतो, दुसरा गलुबोय. तेव्हा अशा छटेसाठी दोघांचा हट्ट न धरता रशियनमधले तिसरे नाव शोधणे बरे. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या एका निळ्या रानफुलावरून 'वासिल्कोवी' असा शब्द आहे. तो लिहिला की वाचणाऱ्यापुढे फूल उभे राहते आणि वाद उरत नाही.

दसऱ्याच्या सुमारास त्या विद्यार्थ्याचे पत्र आले. नवी यादी आली आहे, मुलांच्या दप्तरांची. एका दप्तरापुढे नुसते 'ब्ल्यू' आहे आणि छायाचित्र नाही. त्याने ती ओळ कोरी ठेवून कारखान्याला लिहिले आहे की, कापडाचा तुकडा पाठवा. वरिष्ठ म्हणतात, एका शब्दासाठी इतके दिवस? तुकडा अद्याप आलेला नाही.