कुलूप नसलेले कुलूप

संगणकाच्या पुस्तकांत ‘हरवलेला बदल’ हा दोष बहुधा बँकेच्या खात्यावरून समजावतात. मग ‘ऑप्टिमिस्टिक लॉकिंग’ हे उपायाचे नाव सांगून, नोंदीत आवृत्तीचा एक रकाना वाढवा, एवढ्यावर प्रकरण संपते. ही मांडणी अपुरी आहे. नुसता रकाना काहीच वाचवत नाही.

आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरण घेऊ. समजा, त्याच्या नोंदीत साठा ६० टक्के, कालव्याचा विसर्ग २०० क्युसेक आणि आवृत्ती ४ आहे. घोडेगाव व जुन्नर येथील दोन व्यवस्थापक ती एकाच वेळी उघडतात. पहिला साठा ६२ करून नोंद जतन करतो. दुसरा फक्त विसर्ग ३५० करतो. पण त्याचा संगणक संपूर्ण नोंद पाठवतो आणि तीत साठा जुनाच, म्हणजे ६०, असतो. पहिल्याचा बदल पुसला जातो. बँकेत निदान खातेदार तक्रार करतो. येथे ६० हा आकडा सकाळी खराच होता, त्यामुळे तो पाहून कोणालाही शंका येत नाही.

आता उपाय पाहू. दुसऱ्याची आज्ञा अशी हवी :

```
UPDATE dharan
SET satha = 60, visarg = 350, version = 5
WHERE id = 7 AND version = 4;
```

पहिल्याने जतन करताच आवृत्ती ५ झालेली असते. त्यामुळे ही अट कोणत्याच नोंदीला लागू पडत नाही आणि बदललेल्या ओळींची संख्या शून्य येते. पुस्तके नेमकी येथे थांबतात. शून्य ओळी बदलणे ही डेटाबेसच्या दृष्टीने चूक नव्हे. तो कोणतीही तक्रार करत नाही. ती संख्या प्रोग्रामने तपासली नाही, तर दुसऱ्याला ‘जतन झाले’ असे दिसेल आणि या वेळी त्याचा बदल हरवेल! आवृत्ती आधी वेगळ्या आज्ञेने तपासून मग लिहिणेही चालणार नाही. त्या दोन आज्ञांच्या मध्ये तिसरा कोणी लिहून जाऊ शकतो.

संख्या शून्य आली, की ताजी नोंद दुसऱ्यासमोर ठेवून त्यालाच निर्णय घेऊ द्यावा. प्रोग्रामने नवी आवृत्ती वाचून जुनाच मजकूर आपणहून पुन्हा पाठवला, तर मूळ दोष जसाच्या तसा परत येतो.

नावाबद्दलही तक्रार आहे. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली, ती कुलुपांना पर्याय म्हणून. यात कोणालाच अडवलेले नसते. टक्कर क्वचितच होईल असे गृहीत धरून तपासणी शेवटी करतात. म्हणूनच टक्कर वारंवार होत असेल, तर पुन्हापुन्हा काम करावे लागते आणि खरे कुलूपच बरे पडते.

शिवाय हा पहारा एकाच नोंदीपुरता असतो. डाव्या व उजव्या कालव्याच्या नोंदी वेगळ्या असतील आणि दोघांनी एकेकीत विसर्ग वाढवला, तर दोन्ही आवृत्त्या जुळतील; पण एकूण विसर्ग मर्यादेबाहेर जाईल. विद्यार्थ्यांना व्याख्येऐवजी हे उदाहरण सोडवायला दिले, तर उपाय आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतील.