दडवणं म्हणजे कलाटणी नव्हे

अलक आणि शतशब्दकथा सध्या उदंड लिहिल्या जात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जागी येऊन आपटतात. ९० शब्द आपण एक गोष्ट वाचत राहतो आणि शेवटच्या ओळीत कळतं की बोलणारा मेलेला आहे, किंवा कुत्रा आहे, किंवा वाट बघणारी आई वृद्धाश्रमात आहे. याला कलाटणी म्हणून दाद मिळते. मला यात कलाटणी दिसत नाही. लेखकाला पहिल्या शब्दापासून ठाऊक असलेली गोष्ट त्याने दडवून ठेवली, एवढंच घडलेलं असतं.

सुविचारावर संपणाऱ्या अलकांचा विचार इथे करत नाही. त्या कथा नव्हेत. हेमिंग्वेच्या नावावर फिरणारी बाळाच्या बुटांची सहा शब्दी गोष्ट त्याची असल्याचा पुरावा नाही, तरी कार्यशाळांतून तीच आदर्श म्हणून दाखवतात. आदर्श हवा असेल तर मंटो वाचावा.

फाळणीवरच्या त्याच्या ‘सियाह हाशिये’ या १९४८च्या संग्रहात काही तुकडे दोन-चार ओळींचे आहेत. त्यातलं ‘करामत’ बघा. लुटीचा माल शोधायला पोलिसांनी छापे घातले, तेव्हा घाबरलेली माणसं तो रात्री बाहेर फेकू लागली. एकाकडे साखरेची दोन पोती होती. पहिलं त्याने विहिरीत टाकलं, दुसरं टाकताना स्वतःच आत पडला. लोकांनी त्याला वर काढलं, पण तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी गोड लागलं आणि रात्री त्याच्या कबरीवर दिवे लागले.

इथे वाचकापासून काहीही लपवलेलं नाही. साखर सुरुवातीलाच दिसते, ती लुटीची आहे हेही माहीत असतं. कलाटणी बसते ती पाणी गोड लागण्याच्या जागी, कारण तिथून वाचकाला जे ठाऊक आहे ते गावाला ठाऊक नाही. दिवे लागणं हा त्या अज्ञानाचा परिणाम आहे. शेवट माहीत असताना ही गोष्ट पुन्हा वाचली तर ती अधिक बोचते. हीच कसोटी: शेवट आधी सांगून टाका आणि मग कथा वाचा. कुत्र्याच्या कथेत त्यानंतर वाचण्यासारखं काही उरत नाही.

दडवण्याची युक्ती मराठीत तर आणखीच उघडी पडते. आपलं क्रियापद ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हणताच बोलणारा पुरुष की बाई ते सांगून टाकतं. म्हणून निवेदक कोण हे लपवू पाहणारा लेखक ‘माझ्याकडून जाणं झालं’ अशी वाकडी वाक्यं लिहू लागतो. अशी दोन वाक्यं लागोपाठ आली की पुढचा धक्का आधीच ओळखावा. उलट, नेमक्या मर्यादेत लिहिणाऱ्याला हीच भाषा हात देते. ‘नणंद’ म्हटलं की लग्न, नवरा, त्याची बहीण आणि घरातला मान एका शब्दात येतो. हिंदीत ‘घर के सामने से’ हे चार शब्द होतात, आपल्याकडे ‘घरासमोरून’ एकच. १०० शब्द आपल्याला कमी पडू नयेत.

नेहमीच्या साच्यातली एक कथा घेऊ. मालन रोज दुपारी कारखान्याच्या गेटवर नवऱ्याचा डबा देते. शेवटी कळतं, तो तीन वर्षांपूर्वीच वारला. आता तो शेवट पहिल्या वाक्यात आणा:

‘नवरा गेल्यावरही मालन रोज गेटवर डबा ठेवून जायची. बाईला भ्रम झालाय म्हणून म्हातारा वॉचमन काही बोलत नसे. तिची पाठ वळली की मुकाट्याने जेवायचा, डबा घासून ठेवायचा. सोमवारी गेटवर नवा पोरगा होता.

“कुणाचा डबा, मावशी?”

मालनने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तिखट चालतं का तुला?”’

नवऱ्याचं मरण आता धक्का नाही, पायाभरणी आहे. उलटतो तो वॉचमनचा समज, आणि त्याच्यावर विसंबलेला आपलाही: मालनला कधीच भ्रम झालेला नव्हता. तिला काय ठाऊक होतं हे लेखक समजावून देत नाही, तिचा प्रश्न ते दाखवतो. शिवाय शेवटी ती काहीतरी करते, आणि शेवटाचं समाधान त्या कृतीतून येतं. याखाली ‘तिला सगळं ठाऊक होतं’ हे एक वाक्य जोडलं की कथा मेलीच. शब्द शिल्लक आहेत म्हणून ते जोडण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

स्पर्धांचे परीक्षक मात्र ‘शेवट अनपेक्षित हवा’ अशी अट घालतात आणि लिहिणारे मुकाट्याने दडवायला शिकतात. ती अट काढून टाका. त्याऐवजी पात्राने शेवटी काय केलं ते विचारा, आणि प्रत्येक कथा निकालाआधी दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात जिचा जीव जातो तिला बक्षीस देऊ नका, पहिल्या वाचनात तिने कितीही दचकवलेलं असो.