ओलीस ठेवलेले शहर : अण्वस्त्रांच्या धाकाची चिकित्सा

अण्वस्त्रांच्या चर्चेतला 'डिटरन्स' हा शब्द मराठीत आणताना बहुतेक लेखक 'प्रतिरोध' असा संस्कृत शब्द वापरतात. मला 'धाक' हा साधा शब्द अधिक नेमका वाटतो. प्रतिरोधात आपण येणारा घाव अडवतो. धाकात काहीच अडवले जात नाही. आपल्याला मारल्यावर काय होईल याचे चित्र समोरच्याच्या डोळ्यांपुढे उभे करायचे आणि त्याने आपणहून हात मागे घ्यावा अशी अपेक्षा धरायची, एवढेच. हा फरक ध्यानात घेतला नाही तर या विषयातले निम्मे युक्तिवाद उगाचच धीर देतात.

धाक टिकायचा तर दोघांचीही शहरे उघडी राहावी लागतात. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७२ साली करार करून क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या यंत्रणांवर कडक मर्यादा घालून घेतल्या, म्हणजे आपली बहुतेक शहरे आपणच असंरक्षित ठेवली. एकाचे शहर झाकले गेले की दुसऱ्याचा धाक संपतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. 'परस्पर विनाशाची हमी' म्हणतात ती हीच. या व्यवस्थेत सैन्याचे काम बदलते आणि नागरिकांचेही. नागरिक ओलीस होतात.

भारत-पाकिस्तानच्या बाबतीत ही ओलीस माणसे कोण, हे मला शोधत जावे लागत नाही. मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातले. आमच्या तळेघरच्या बाजूचीही कितीतरी घरे मुंबईच्या मिळकतीवर उभी आहेत. एम. व्ही. रमणा यांनी १९९९ साली 'बॉम्बिंग बॉम्बे?' नावाची पुस्तिका लिहिली. हिरोशिमावर पडला त्या ताकदीचा, म्हणजे सुमारे १५ किलोटनांचा, एक बॉम्ब मुंबईवर फुटला तर काय होईल याचा हिशेब तिच्यात आहे. वस्तीची दाटी आणि मोजणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण मृत्यू सुमारे दीड लाखापासून साडेआठ लाखांच्या वर जातात. आपल्याकडच्या सामरिक लेखनात 'असह्य हानी' हा शब्दप्रयोग सारखा येतो. त्याचा अर्थ कळायला ही छोटी पुस्तिका पुरते.

आता 'स्थैर्य' या शब्दाकडे. बॉम्ब असले की धाक आपोआप बसतो, या समजाला आल्बर्ट वोलस्टेटर यांनी १९५९ सालीच हरकत घेतली होती. शत्रूचा पहिला घाव सोसून जे बॉम्ब उरतील, तेवढ्यांचाच धाक. हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. दोन देशांकडे प्रत्येकी १०० क्षेपणास्त्रे आहेत, प्रत्येकावर एकच बॉम्ब आहे, आणि शत्रूचे एक क्षेपणास्त्र जमिनीवरच नष्ट करायला दोन बॉम्ब लागतात असे धरा. पहिला घाव घालणारा आपली शंभरही क्षेपणास्त्रे वापरून शत्रूची ५० मोडतो. तो रिकामा होतो, शत्रूकडे ५० उरतात. असा हल्ला वेडाच करील. आता प्रत्येक क्षेपणास्त्रावर दहा बॉम्ब बसवा. २० क्षेपणास्त्रांत शत्रूची शंभरही संपतात आणि हल्लेखोराकडे ८० शिल्लक राहतात. क्षेपणास्त्रे तेवढीच आहेत, पण आता आधी मारणाऱ्याचा फायदा आहे. शिवाय हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे, 'आपण थांबलो तर तो मारील' या भीतीने शांतताप्रिय माणूसही कळ दाबायला लागतो. अस्थैर्य म्हणतात ते याला. त्यात कोणाच्या वाईट हेतूची गरज नसते.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये एकाहून अधिक बॉम्ब नेऊ शकणाऱ्या अग्नी-५ ची चाचणी झाली तेव्हा नुसत्या अभिमानाने लिहिलेले अग्रलेख मला अपुरे वाटले. उलट, समुद्रात लपून राहणारी अरिहंत पाणबुडी या हिशेबात स्थैर्य वाढवते, कारण ती पहिल्या घावात सापडत नाही. एकाच देशाची दोन शस्त्रे, दोन विरुद्ध परिणाम.

केनेथ वॉल्ट्झ यांचा १९८१ सालचा प्रसिद्ध निबंध असे मांडतो की अण्वस्त्रे जास्त देशांकडे गेली तर कदाचित बरेच होईल, कारण विनाश इतका स्पष्ट दिसत असताना कोणी युद्ध करणार नाही. मांडणी देखणी आहे. पण तिच्यात युद्ध म्हणजे एकच एक, अखंड गोष्ट आहे. ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्येच दुसरी बाजू दाखवली होती. वरच्या पायरीवर दोघेही बांधले गेले की खालच्या पायऱ्या मोकळ्या होतात. मोठे युद्ध होणारच नाही याची खात्री ही छोट्या आगळिकीला परवानगी ठरते.

मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभरातच कारगिल झाले. पाकिस्तानी सैन्य नियंत्रण रेषा ओलांडून शिखरांवर बसले. भारताने हवाई दल वापरले, पण त्याला रेषा ओलांडायची मनाई होती. वर बसलेल्या शत्रूवर समोरून चढाई करत शिखरे घ्यावी लागली आणि ५२७ जवान गेले. वॉल्ट्झ यांचे समर्थक म्हणतात, पाहा, युद्ध पसरले नाही. स्नायडर यांचा वाचक विचारील, मुळात ते सुरू कशाच्या भरवशावर झाले? एकाच घटनेतून दोन्ही निष्कर्ष निघतात. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक जड आहे.

मुंबई याच फटीत २६ नोव्हेंबर २००८ ला सापडली. १६६ माणसे गेली आणि भारताने लष्करी उत्तर दिले नाही. ते अण्वस्त्रांच्या धाकामुळे, असे सर्रास लिहिले जाते. पण त्या वेळचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांचे पुस्तक वाचले तर चित्र इतके सरळ राहत नाही. त्यांनी स्वतः प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता आणि हल्ला न करण्यातून जास्त पदरात पडेल असे ठरल्याचे ते सांगतात. न घडलेल्या गोष्टीचे कारण सिद्ध करणे अवघड असते, ही या सगळ्या शास्त्राची मोठी अडचण. धाक लागू पडला तर काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही याची कारणे दहा असू शकतात.

२००८ नंतर खालच्या पायऱ्यांवरचा संयमही सुटत गेला. २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे पायदळ गेले, २०१९ मध्ये विमाने बालाकोटपर्यंत गेली, मे २०२५ मध्ये बहावलपूर आणि मुरीदके इथे मारा झाला आणि पुढचे तीन दिवस ड्रोन व क्षेपणास्त्रे दोन्हीकडून चालली. प्रत्येक वेळी एक पायरी वर चढून पाहिले गेले आणि काही झाले नाही म्हणून पुढच्या वेळी तीच पायरी तळाची ठरली. शेवटची पायरी कोणती, हे पाकिस्तान मुद्दाम अस्पष्ट ठेवतो. 'पहिला वापर नाही' असे वचन त्याने दिलेले नाही. भारताचे वचन आहे, पण २००३ च्या धोरणात उत्तर प्रचंडच असेल असेही लिहिले आहे. रणांगणावरच्या एका छोट्या बॉम्बला अख्ख्या शहरांनी उत्तर देणार का, यावर दिल्लीतले अभ्यासकही एकमत नाहीत.

९ मार्च २०२२ ला भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कोणी मेले नाही, पाकिस्तानने प्रत्युत्तर दिले नाही. स्थैर्याचा पुरावा म्हणून हे उदाहरण हल्ली दिले जाते. पण तेव्हा सीमा शांत होती, आणि ते चुकून सुटल्याचे भारताने जाहीर केले ते दोन दिवसांनी. मे २०२५ च्या त्या रात्रींत खुलाशाला दोन दिवस मिळाले नसते. इतक्या जवळच्या देशांत क्षेपणास्त्राला पोहोचायला लागतात ती मोजकी मिनिटे.