‘इफ’नंतरचं ‘वेअर’

इंग्रजीतली अटीची वाक्यं शिकवताना फळ्यावर चार रकाने आखतात: झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. रकाने पाठ होतात, पण त्यांची चव एकच वाक्य चारही ठिकाणी फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाऊस घेऊ.

“इफ इट रेन्स, द रोड फ्लड्स.” पाऊस पडला की रस्ता तुंबतो, हे नेहमीचंच, हा झिरो. “इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल द मॅच.” ही उद्याची गोष्ट, म्हणून फर्स्ट. गंमत अशी की दोन्हींत ‘इफ’चा अर्धा भाग अक्षरशः एकच आहे. पाऊस भविष्यातला असला तरी ‘इफ’च्या बाजूला इंग्रजी साधा वर्तमानकाळच ठेवते आणि ‘विल’ पलीकडच्या अर्ध्यात जातं. आपली मुलं “इफ इट विल रेन” लिहितात ते इथेच. पुढे “इफ इट रेन्ड, वी वुड कॅन्सल द मॅच.” आभाळ स्वच्छ आहे, पाऊस येईल असं वाटत नाही, नुसती कल्पना केली; हा सेकंड. आणि “इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव कॅन्सल्ड द मॅच.” सामना होऊन गेला, पाऊस आला नाही, हा थर्ड.

सेकंड आणि थर्ड यांच्यात मराठी माणूस अडखळतो, त्याला कारण आहे. “माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती” हे वाक्य आपण आजच्या रिकाम्या खिशाबद्दलही म्हणतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या खिशाबद्दलही. आपला संकेतार्थ “हे घडलेलं नाही” एवढं ठणकावून सांगतो. कधी घडलं नाही ते संदर्भावर सोडतो. इंग्रजीला मात्र दोन्ही सांगावं लागतं. त्यासाठी ती काळाचीच एक पायरी मागे सरकते. आजची कल्पना असेल तर ‘रेन्ड’, कालची असेल तर ‘हॅड रेन्ड’. भूतकाळाचं रूप इथे वेळ दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतं.

या युक्तीत एक उणीव आहे. ‘रेन्ड’ हे रूप खऱ्या भूतकाळाचंही आहे. “इफ इट रेन्ड, वी कॅन्सल्ड द मॅच” म्हणजे त्या काळी पाऊस आला की आम्ही सामना रद्द करायचो. यात कल्पना काहीच नाही. म्हणजे ‘इफ इट रेन्ड’ इतकं ऐकून बोलणारा आठवण सांगतोय की कल्पना करतोय, हे कळत नाही. पुढे ‘वुड कॅन्सल’ येतं की ‘कॅन्सल्ड’, याची वाट पाहावी लागते.

संपूर्ण इंग्रजीत एकच क्रियापद असं आहे जे ही वाट पाहायला लावत नाही. ते म्हणजे ‘बी’, आणि त्याचं रूप ‘वेअर’.

जुन्या इंग्रजीत कल्पनेचं भूतकाळी रूप, म्हणजे सबजंक्टिव्ह, जवळपास सगळ्याच क्रियापदांना होतं. ते मुख्यतः शेवटच्या प्रत्ययांत दिसायचं, आणि हे प्रत्यय शतकानुशतकं झिजत जाऊन बहुतेक नाहीसे झाले. ‘बी’चं रूप टिकलं, कारण त्याचा फरक शेपटात नव्हता, पोटात होता: ‘वॉज’मध्ये स आणि ‘वेअर’मध्ये र. (जर्मन कुळातल्या भाषांतली ही स-रची अदलाबदल कशी झाली, याचा उलगडा कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1877 साली छापला, आणि किल्ली त्याला वैदिक संस्कृतातल्या स्वराघातांत सापडली.) तरी ‘वेअर’ची ही खूण दिसते फारच थोड्या जागी. ‘यू’, ‘वी’, ‘दे’ यांच्यापुढे एरवीही ‘वेअर’च येतं. फरक उघडा पडतो तो फक्त ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एकवचनी नामांपुढे, जिथे साध्या भूतकाळात ‘वॉज’ आलं असतं.

या अरुंद जागेत ते काय करतं, हे एका रिकाम्या खोलीत पाहू. दोघं जण एका बाईला शोधत खोलीत शिरतात. पहिला म्हणतो, “इफ शी वॉज हिअर, शी लेफ्ट बाय द बॅक डोअर.” ती इथे आली होती की नाही, त्याला माहीत नाही, आली असेल तर मागच्या दाराने गेली. हा उघडा तर्क आहे आणि इथे ‘वेअर’ घातलं तर वाक्य बिघडेल. दुसरा म्हणतो, “इफ शी वेअर हिअर, शी वुड टेल अस.” ती आत्ता इथे नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ते त्याने वेगळं सांगितलेलं नाही, आणि ‘वुड’पर्यंत थांबायचीही गरज नाही. “इफ शी वेअर” इतक्यातच ती अनुपस्थित झाली. मला हे रूप फार देखणं वाटतं ते यासाठी.

दुसऱ्याने “इफ शी वॉज हिअर, शी वुड टेल अस” म्हटलं असतं तर? बोलण्यात ते सर्रास चालतं, आणि सतराव्या शतकापासून तरी चालत आलं आहे. त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. फक्त खूण उशिरा मिळते. खरी चूक उलट्या दिशेची. ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ घालायचं, या हट्टातून “ही आस्क्ड इफ शी वेअर रेडी” लिहिलं जातं. हा ‘इफ’ अटीचा नाहीच. त्याच्या जागी ‘व्हेदर’ बसतं, म्हणून इथे ‘वॉज’ हवं. “इफ आय वॉज रूड, आय अपॉलजाइज” यातही तसंच. मी उद्धटपणे बोललो असेन, ही शक्यता मी मान्य करतोय. ‘वेअर’ घातलं तर मी उद्धट नाहीच असं आधी ठरवून माफी मागितल्यासारखं होईल.

काही जागी मात्र ‘वॉज’ला शिरकावच नाही. ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलं की “वेअर शी हिअर, शी वुड टेल अस” असंच म्हणावं लागतं. “वॉज शी हिअर” म्हटलं तर तो प्रश्न होतो. “वेअर इट नॉट फॉर द रेन” याचंही तेच. “इफ आय वेअर यू” ही सल्ल्याची ठरीव सुरुवात एरवी ‘वॉज’ वापरणाऱ्यांच्या तोंडीही पुष्कळदा शाबूत असते. ‘अॅज इट वेअर’ तर अख्खंच गोठून राहिलं आहे. 2002च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी या रूपाला सबजंक्टिव्ह म्हणायचंही सोडलं आणि ‘इररिआलिस’ असं वेगळं नाव दिलं. एकाच क्रियापदाच्या एका रूपासाठी.

चार रकान्यांच्या बाहेर पडलं की ‘वेअर’ अजून एक काम करतं. एका बाईने गाडी फाटकावर आदळली. “इफ शी हॅड बीन केअरफुल, शी वुड नॉट हॅव हिट द गेट” हा सरळ थर्ड. त्या दिवशी तिने काळजी घेतली नाही, एवढंच त्यात आहे. “इफ शी वेअर केअरफुल, शी वुड नॉट हॅव हिट द गेट” यात अर्धा सेकंड आणि अर्धा थर्ड आहे. आदळणं कालचं, पण निष्काळजीपणा आजही चालू आहे, तिच्या स्वभावातलाच. पहिलं वाक्य त्या एका दिवसाबद्दल बोलतं, दुसरं तिच्याबद्दल.