'तमस': वाचलेला आणि पाहिलेला

आमच्या भिशीत परवा 'तमस'चा विषय निघाला आणि दोन तट पडले. थोरल्या जणींनी १९८८ साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींची मालिका पाहिलेली. पुस्तक हातातही धरलेलं नाही. दोघी धाकट्यांनी भीष्म साहनींची मूळ हिंदी कादंबरी वाचलेली. मालिका ठाऊक नाही. "शेवटी करमोला बाळ होतं ना, ते आठवलं की अजून गलबलतं," असं एक जण म्हणाली. त्यावर धाकटी म्हणते, "बाळ? कुठलं बाळ?"

दोघींचंही बरोबर आहे.

सुरुवात दोन्हींकडे तीच. फाळणीच्या तोंडावरचं गाव. नत्थू चांभाराला एक जण पैसे देऊन डुक्कर मारायला लावतो, डॉक्टरसाहेबांना हवंय म्हणून. रात्रभर कोंदट खोलीत ती झटापट. (आपल्या घरातल्या बाईला ते वाचवत नाही. मी पहिल्यांदा पुस्तक मिटूनच ठेवलं होतं.) सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं, आणि आग लागते.

इथून वाटा फुटतात. कादंबरी नत्थूला मागे सोडून देते. गल्ल्या, पुढारी, डेप्युटी कमिशनर रिचर्ड, मग आजूबाजूची खेडी, गुरुद्वारा, विहिरीत उड्या घेणाऱ्या बायका... नायक असा कुणी नाहीच. दंगा शमल्यावर शांततेची बस निघते. तिच्यात बसून घोषणा देतो कोण, तर नत्थूला पैसे देणारा तोच मुराद अली! त्याला ओळखू शकणारा नत्थू मेलेला आहे, एवढं साहनी जाता जाता सांगतात. कसा मेला, त्याचा पाल्हाळ नाही.

मालिकेनं नत्थूचा हात सोडला नाही. ओम पुरींचा नत्थू म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन गरोदर करमोसह गाव सोडतो, आणि वाटेत त्यांना हरनामसिंग-बंतो हे वयस्क शीख जोडपं भेटतं. पुस्तकात या दोन जोडप्यांची गाठच पडत नाही. शेवटी छावणीत करमोला नवऱ्याचं प्रेत दिसतं, तिथंच कळा येतात, आणि बाळाच्या रडण्याबरोबर बाहेर दोन्हीकडच्या घोषणा ऐकू येतात.

हे का केलं असेल, ते समजतं. आठवड्यामागून आठवडे बघायचं तर जीव लावायला एक माणूस लागतो. दीपा साहींची लखलखीत डोळ्यांची ती करमो नसती, तर आमच्या सासूबाई दुसऱ्या भागाला उठून गेल्या असत्या. पण त्यात एक गोष्ट हरवली, असं मला वाटतं. नत्थूच्या मरणावर आपण रडून घेतो आणि हलके होतो. पुस्तकात रडायला कुणी देतच नाही. साक्षीदार गेला, त्याची कुणाला खबरही नाही, आणि बस पुढे निघालेली.

लेखकाला हा बदल रुचला नसेल म्हणावं, तर तसंही नाही. धाकट्यांनो, मालिका बघाल तेव्हा हरनामसिंगांकडे नीट बघा. ते स्वतः भीष्म साहनी आहेत.